पार्श्वभूमी : शाळेची इमारत, क्लिनोमीटर आणि 30-45-60

उंची न चढता मोजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. 1150 च्या सुमाराच्या पाटीगणितात बारा अंगुळांचा शंकू म्हणजे उभी खुंटी आणि तिची छाया यांवरून दिव्याची उंची काढण्याची उदाहरणे सापडतात. तिथे कोन मोजावा लागत नव्हता, दोन लांब्यांचे गुणोत्तर पुरे होत असे. 1802 मध्ये मद्रासजवळून देशाची मोठी त्रिकोणी मोजणी सुरू झाली आणि कोन थिओडोलाइटने मोजला जाऊ लागला. शाळेत त्यातले यंत्र आले नाही, पण गणिते आली: दीपगृह, जहाज, वादळात मोडलेले झाड.

आजच्या वर्गाला ज्या निर्णयाने आकार दिला तो त्या मानाने अलीकडचा आहे. परीक्षेच्या गणितात उन्नत कोन 30, 45 किंवा 60 अंशांचाच असावा, असे ठरले. सीबीएसईच्या अभ्यासक्रमात ही अट स्पष्ट लिहिलेली आहे, राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातही बहुतेक उदाहरणे याच कोनांची असतात. बाजू घेणारे म्हणतात, परीक्षेत टॅनचा तक्ता शोधण्यात वेळ जातो आणि आकृती काढता येते की नाही हे √3 घेऊनही तपासता येते. हे खरे आहे. पण त्यामुळे टॅन म्हणजे तीन किमतींची यादी, असा समज मुलांच्या मनात घट्ट बसतो. इमारतीसमोर दोरा 36 अंशांवर थांबला की अनेक जण मापच चुकले असे मानतात आणि पुन्हा 30 किंवा 45 येईपर्यंत मोजत राहतात.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पाठांतराऐवजी कृतीवर भर दिला. त्यानंतर शाळाशाळांतून क्लिनोमीटर दिसू लागले. कंपासपेटीतला कोनमापक उलटा धरायचा, सरळ कडेवर स्ट्रॉ चिकटवायची आणि मधल्या खुणेतून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडायचा. स्ट्रॉ आडवी असताना दोरा 90 वर असतो. इमारतीच्या माथ्याकडे पाहताना तो 90 पासून जितका सरकतो, तितका उन्नत कोन. दोऱ्याखालचा आकडा म्हणजे उन्नत कोन नव्हे, ही वजाबाकी कुणी विसरले तर उंची भलतीच येते.

‘45 येईपर्यंत मागे सरका’ ही तोड इथूनच निघाली. अंतर अधिक डोळ्याची उंची, की झाली इमारतीची उंची. पटांगण मोठे असेल तर ही पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात टॅन वापरलाच जात नाही. माझ्या मते ती पहिल्या दिवशी करावी आणि दुसऱ्या दिवशी अंतर मुद्दाम पक्के करून कोन येईल तो घ्यावा.

असे एक माप इथे पाहू. भिंतीपासून 15 मीटर, डोळ्याची उंची 1.4 मीटर, दोऱ्याखाली 54, म्हणजे उन्नत कोन 36. टॅन 36 ची किंमत 0.727, त्यामुळे 10.9 अधिक 1.4, साधारण 12.3 मीटर. आता जिन्याने पडताळा. प्रत्येक मजल्याला 15 सेंटीमीटरच्या 22 पायऱ्या, तीन मजल्यांचे 9.9 मीटर, जोते 0.6, गच्चीचा कठडा 1 मीटर. एकूण 11.5. फरक 80 सेंटीमीटरचा.

पंधरा मीटरवरून एक अंश म्हणजे साधारण 40 सेंटीमीटर, तेव्हा इथे चूक दोन अंशांची आहे. वारा किंवा थरथरता हात असता तर चूक कधी वर, कधी खाली गेली असती. प्रत्येक गटाला उंची जास्तच येत असेल तर दोरा कुठे बांधला ते पाहावे. बाजारातल्या कोनमापकाची शून्याची रेषा प्लॅस्टिकच्या कडेवर नसते, काही मिलिमीटर आत असते. मुले दोरा कडेला बांधतात. साडेचार सेंटीमीटर त्रिज्येच्या कोनमापकावर दोरा 3 मिलिमीटर बाहेर बांधला, तर 34 अंशांच्या जागी 36 दिसतो.

ही चूक आडव्या चाचणीत पकडता येत नाही, कारण स्ट्रॉ आडवी असताना दोरा मधल्या खुणेच्या सरळ वर कडेला बांधला तरी 90 वरच येतो. ती तिरकसपणाबरोबर वाढते. म्हणून 45 अंशांचा गुण्या सपाट टेबलावर उभा धरून त्याच्या कर्णावर स्ट्रॉ टेकवावी. दोरा कडेला असेल तर वजाबाकीनंतर 45 ऐवजी जवळपास 48 येतात. दोरा शून्यरेषेवरच्या मधल्या खुणेत सरकवला की 45 मिळतात, आणि त्याच इमारतीचे माप 11.5 च्या जवळ येते.