बातमीवरून भरतीचा अंदाज

नोकरीची जाहिरात निघण्याआधीच कोणती कंपनी माणसे घेणार, हे तिच्या निधी उभारणीच्या आणि विस्ताराच्या बातम्यांवरून ताडण्याची पद्धत. निधीच्या बातमीत रकमेचा आकडा डोळ्यांत भरतो, पण उमेदवाराच्या खऱ्या उपयोगाची ओळ बहुधा शेवटाकडे असते: हा पैसा कशावर खर्च होणार.

आधी पैसा कंपनीकडे येतोय का, हे पाहावे. जुन्या भागधारकांनी आपले शेअर नव्या गुंतवणूकदाराला विकले, तर रक्कम मोठी दिसली तरी ती विकणाऱ्यांना मिळते; कंपनीला त्यातले काही मिळत नाही. जुने कर्ज फेडायला उभारलेल्या पैशातूनही नव्या जागा निघत नाहीत. नवे शेअर देऊन निधी उभारला असेल आणि खर्चाचे कारणही नेमके दिले असेल, तर मात्र लक्ष ठेवावे.

समजा, रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या दीडशे माणसांच्या एका कंपनीने ‘सिरीज बी’ म्हणजे गुंतवणूकदारांकडून पैसा घेण्याच्या दुसऱ्या मोठ्या फेरीत निधी उभारला आणि दोन नव्या देशांत विक्री सुरू करणार असे सांगितले. बातमी आली त्याच दिवशी एचआरकडे अर्जांचा ढीग पडतो, आणि तो बहुतेक वाया जातो. कारण आधी त्या देशाचा विक्रीप्रमुख नेमला जातो. तो येईपर्यंत त्याच्या हाताखालची पदे सहसा ठरलेलीच नसतात. तो रुजू झाला की आधी विक्रीची माणसे घेतो. ग्राहक मिळू लागले की सॉफ्टवेअर बसवून देणारे, प्रशिक्षण देणारे आणि ग्राहकसेवेतले लोक लागतात. म्हणून ग्राहकसेवेतल्या उमेदवाराने प्रमुखाच्या नेमणुकीची बातमी टिपून ठेवावी, विक्रीच्या पहिल्या जाहिराती दिसताच त्यालाच थेट लिहावे, आणि रुग्णालयांबरोबर आपण नेमके कोणते काम केले ते चार ओळींत सांगावे. अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, कारण ते गरज उभी राहत असतानाच पोहोचते.

कारखान्याच्या बातमीत हा क्रम अधिक लांबतो. पायाभरणीच्या वेळी काम बांधकाम कंत्राटदाराचे असते. यंत्रे बसू लागली की देखभाल आणि गुणवत्ता विभागाची माणसे येतात. ऑपरेटरांची मोठी भरती उत्पादन सुरू होण्याच्या बेताला होते. घोषणेतला रोजगाराचा आकडा बहुधा पूर्ण क्षमतेचा असतो, आणि कधी त्यात पुरवठादारांकडच्या नोकऱ्याही धरलेल्या असतात.

हा अंदाज चुकतोही. निधीचा व्यवहार कधी बातमीच्या कित्येक महिने आधीच पुरा झालेला असतो आणि तोवर मोक्याच्या जागा भरून गेलेल्या असतात. २०२१ मध्ये भरपूर निधी मिळालेल्या अनेक तंत्रज्ञान कंपन्यांनी २०२२-२३ मध्ये कर्मचारी कमी केले. त्यामुळे बातमीनंतर दोन-तीन महिन्यांनी कंपनीचे करिअर पेज पुन्हा उघडावे: एकही वरिष्ठ पद भरलेले किंवा जाहीर झालेले नसेल, तर विस्तार लांबणीवर पडला आहे असे धरून दुसऱ्या कंपनीकडे वळावे.