गौरींसोबत गेलेली सर्दी

जानेवारीतली संध्याकाळ. ठाण्यात लोकमान्य नगरला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. नाक लाल, हातात रुमाल. खिशातून त्यांनी एक रिकामी, चुरगळलेली स्ट्रिप काढली. "मॅडम, हेच द्या. ॲझिथ्रो पाचशे, तीन गोळ्या."

"चिठ्ठी आहे का, दादा?"

"चिठ्ठी कशाला? मागच्या वेळी डॉक्टरांनी हेच दिलं होतं. दोन-तीन दिवसांत खडखडीत बरा झालो."

अँटिबायोटिकची अशी रिकामी स्ट्रिप घेऊन रोज कुणी ना कुणी येतंच. 'मिळणार नाही' म्हटलं की ते पुढच्या दुकानात जातात. म्हणून मी आधी प्रश्न विचारते. मागची सर्दी नेमकी कधी झाली होती?

त्यांना चांगलं आठवत होतं, कारण तेव्हा घरी गणपती होते. ज्या दिवशी मूर्ती आणली त्या दिवशी घसा खवखवायला लागला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक गळून गळून जीव नको झाला. चौथ्या दिवशी गौरी आल्या, घर पाहुण्यांनी भरलं, तेव्हा वहिनींनी त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. पहिली गोळी गौरी आल्या त्या दिवशी, दुसरी पूजनाला, तिसरी विसर्जनाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक मोकळं.

मी बिलाच्या कागदामागे एक ते दहा आकडे लिहिले आणि चारवर गोल केला. साध्या सर्दीचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी घसा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्दीचा कळस, मग उतार. सात ते दहा दिवसांत ती जाते, खोकला तेवढा कधीकधी तीन आठवडे रेंगाळतो. माणूस मेडिकलमध्ये येतो तो कळसाच्या दिवशी, किंवा सहन होईनासं झाल्यावर त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिथून पुढे उतारच असतो. त्या दिवशी जे पोटात जाईल, त्याला श्रेय मिळतं. दादांना सातव्या दिवशी बरं वाटलं, ते गोळी न घेताही वाटलं असतं.

"पण मॅडम, शेंबूड पिवळा-हिरवा झालाय. म्हणजे इन्फेक्शनच ना?"

इन्फेक्शन आहेच, पण विषाणूचं. नाकाच्या आतल्या पेशींवर विषाणूचा हल्ला झाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. त्यांच्याकडे जंतू मारायचं एक विकर असतं. त्यात लोह असतं आणि त्याचा रंगच हिरवट. या पेशी लढून मेल्या की तो रंग शेंबडात उतरतो. रात्रभर साचून घट्ट झालेला सकाळचा शेंबूड म्हणूनच जास्त हिरवा दिसतो. नुसत्या रंगावरून जिवाणू की विषाणू, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

आता ॲझिथ्रोमायसिन करतं काय? जिवाणूच्या आत प्रथिनं बनवणारे इवलेसे कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. हे औषध त्या कारखान्यात अडकून बसतं आणि काम बंद पाडतं. आपल्या पेशींतले रायबोसोम वेगळ्या घडणीचे असल्यामुळे वाचतात. सर्दीच्या विषाणूकडे स्वतःचा रायबोसोमच नसतो. तो आपल्याच पेशींचे कारखाने वापरून आपली प्रजा वाढवतो. म्हणजे औषधाला अडकायला तिथे जागाच नाही.

"बरं, फायदा नसेल तर नसो. नुकसान तरी काय? तीनच तर गोळ्या."

हा प्रश्न मला आवडतो, कारण याच औषधाबाबत त्याचं उत्तर फार चमत्कारिक आहे. तीन दिवसांत कोर्स संपतो, पण औषध संपत नाही. ॲझिथ्रोमायसिन पेशींमध्ये शिरून मुरतं आणि शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ६८ तास लागतात. म्हणून तर तीन गोळ्या पुरतात. पण पुढे बरेच दिवस ते इतक्या कमी प्रमाणात उरतं, की जिवाणू मरत नाहीत, फक्त नाजूक होते ते मागे पडतात आणि चिवट होते ते पसरतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट स्वयंसेवकांपैकी काहींना त्यांनी हाच कोर्स दिला, रोज ५०० मिलिग्रॅम, तीन दिवस. मग त्यांच्या घशातले एरवी निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकस तपासले. औषधाला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण काही दिवसांतच खूप वाढलं आणि सहा महिन्यांनंतरही ते पूर्वपदावर आलं नव्हतं. हे जिवाणू आपली ही विद्या शेजारच्या घातक जिवाणूंनाही देऊ शकतात.

मला जास्त काळजी टायफॉइडची वाटते. त्यावरच्या जुन्या गोळ्या एकेक करून निकामी होत गेल्या आणि आपल्याकडे तोंडावाटे देता येण्यासारखी भरवशाची औषधं फार थोडी उरली. ॲझिथ्रोमायसिन त्यातलं एक. पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडच्या जिवाणूवर तर तोंडावाटे घ्यायचं तेवढं एकच औषध उरलं. शिवाय ताप असताना आधीच दोन गोळ्या पोटात गेल्या, तर रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू वाढतच नाही आणि निदान चुकतं. पावसाळ्यात असे रिपोर्ट घेऊन गोंधळलेली माणसं मी पाहिली आहेत.

मी त्यांचीच स्ट्रिप उलटी करून दाखवली. मागे उभी लाल रेघ होती. ती असली की चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. कोविडच्या काळात याच औषधाचं नाव घरोघरी पोचलं, तेव्हा ही रेघ कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, सात हजारांहून अधिक रुग्णांत, कोविडवरही ॲझिथ्रोचा उपयोग दिसला नाही. पण नाव लक्षात राहिलं ते राहिलंच.

"आणि छातीत उतरली तर?"

ही भीती खरी आहे, म्हणून खुणा सांगितल्या. बरं वाटायला लागून पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ताप चढला, दहा दिवसांनीही उतार नसला, एका गालाचं हाड ठणकायला लागलं, किंवा दम लागला, तर डॉक्टर. त्या वेळी अँटिबायोटिक लागेलही, पण कुठलं ते त्यांनी ठरवायचं.

मग विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे का?" होती. म्हणून सर्दीची 'सगळं एकात' असलेली गोळी दिली नाही. त्यात नाक मोकळं करणारं जे औषध असतं, ते बीपी चढवू शकतं. आणि त्यातच पॅरासिटामॉलही असतं. लोक वरून तापाची वेगळी गोळी घेतात आणि नकळत दुप्पट डोस होतो. त्यांना साधी पॅरासिटामॉल ५०० दिली, अंग दुखलं तरच घ्यायला, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. सोबत नाकात घालायचे मीठपाण्याचे थेंब. सगळं मिळून ॲझिथ्रोपेक्षा स्वस्त, आणि मला वाटतं नेमकं तेच त्यांना खटकलं. चेहऱ्यावर 'फसवलं' असा भाव घेऊन ते गेले. पुढच्या दुकानात थांबले का, ते मला दिसलं नाही.

पाच दिवसांनी आईच्या शुगरच्या गोळ्या न्यायला आले. नाक मोकळं, आवाज खणखणीत.

"मॅडम, ते मीठपाण्याचे थेंब जबरदस्त निघाले हं. दोन दिवसांत सर्दी गायब! मेहुण्यालाही तेच घ्यायला सांगितलंय."

मी खणातून बिलाचा कागद काढला आणि एक ते दहा आकडे पुन्हा लिहायला घेतले.