‘शिल्लक’ म्हणजे नेमकं काय? उरलेलं मुद्दल आणि उरलेले हप्ते

माझ्या आतेभावाने पाच वर्षांपूर्वी घरासाठी 30 लाखांचं कर्ज घेतलं. व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता पैशांचा हिशेब सोडून सुमारे 26,992. परवा त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. हप्त्याची आठवण करून देणारा मेसेज होता: पुढच्या हप्त्याची तारीख, मग ‘शिल्लक 48,58,520’ आणि शेवटी ‘आजवर भरलेलं व्याज 12,80,719’. तो म्हणाला, “साठ हप्ते भरले रे मी. घेतले तीस लाख आणि अजून अठ्ठेचाळीस देणं? मग कर्ज लवकर फेडायचा विचारच सोडून देतो.”

कर्ज फेडायला त्याला 48 लाख लागणार नव्हते. पण मेसेजमधला आकडाही चुकीचा नव्हता. गोंधळ ‘शिल्लक’ या शब्दाचा होता. या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात आणि बऱ्याचदा खाली एका ओळीचा खुलासाही नसतो. हे मला मनापासून खटकतं, कारण त्या आकड्यावरून माणसं मोठे निर्णय घेतात.

एक म्हणजे उरलेलं मुद्दल, म्हणजे आज तुमच्या नावावर असलेलं खरं कर्ज. दुसरी म्हणजे उरलेल्या हप्त्यांची बेरीज. त्यात मुद्दल तर असतंच, शिवाय पुढच्या काळात लागणारं, पण आज अजून लागलेलंच नसलेलं व्याजही असतं. भावाला अजून 180 हप्ते भरायचे आहेत, त्यांची बेरीज 48,58,520. त्याचं उरलेलं मुद्दल मात्र 26,61,212. मधले जवळपास 22 लाख हे पुढच्या 15 वर्षांचं व्याज आहे. कर्ज तोवर चाललं तरच ते द्यावं लागेल.

काही जण याच्या उलट चुकतात. साठ हप्त्यांचे 16 लाख 19 हजार भरून झाले, मग तिसातून ते वजा केले की 13 लाख 80 हजार उरले, असा हिशेब ते मांडतात. मग मुद्दल 26 लाखांवर दिसलं की बँकेने फसवलं असं वाटतं. खरं कारण हप्त्याच्या पोटात आहे. दर महिन्याला त्या वेळच्या मुद्दलावर व्याज लागतं, ते हप्त्यातून आधी वळतं होतं आणि उरलेली रक्कम मुद्दलातून कमी होते. पहिल्या महिन्यात 30 लाखांवर 9 टक्क्यांनी 22,500 व्याज लागलं, म्हणून 26,992 च्या हप्त्यातले फक्त 4,492 मुद्दलाला गेले. पाच वर्षांत मिळून मुद्दल जेमतेम 3,38,788 ने उतरलं, बाकीचे 12,80,719 व्याजात गेले. दोन्हींची बेरीज करा, 16,19,507 येते, म्हणजे भरलेले साठ हप्ते. मेसेजमधला व्याजाचा आकडा बरोबर आहे का, हे असंच तपासता येतं: मूळ कर्जातून उरलेलं मुद्दल वजा करा आणि त्यात आजवरचं व्याज मिळवा. ते भरलेल्या हप्त्यांइतकं भरायला हवं. मधे कधी जास्तीची रक्कम भरली असेल तर ती हप्त्यांच्या बेरजेत धरायची. कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेलं असेल, तर ‘आजवरचं व्याज’ नव्या खात्यापासून शून्यापासून मोजलं जातं, जुन्या बँकेत भरलेलं त्यात दिसत नाही.

आता तुमच्या मेसेजमधली शिल्लक या दोन्हींपैकी कोणती, हे ओळखायची सोपी खूण आहे. लागोपाठच्या दोन महिन्यांचे मेसेज शेजारी ठेवा आणि आकडा कितीने उतरला ते बघा. पूर्ण हप्त्याइतका उतरला असेल, तर ती उरलेल्या हप्त्यांची बेरीज आहे. भावाचा आकडा पुढच्या महिन्यात 48,31,528 होईल, म्हणजे बरोबर 26,992 ने कमी. उरलेलं मुद्दल मात्र एकसष्टाव्या हप्त्यानंतर फक्त 7,033 ने उतरतं, कारण त्या महिन्याचं व्याज 19,959 आहे. एकच मेसेज हाताशी असेल, तर शिल्लक रकमेला व्याजदराने गुणून बाराने भागा. उत्तर हप्त्यापेक्षा जास्त आलं, तर तो आकडा मुद्दल नाही; कमी आलं, तर मात्र एवढ्यावरून ठरवता येत नाही. 48,58,520 वर महिन्याचं व्याज 36,000 च्या वर जातं. 26,992 च्या हप्त्यातून ते कधीच फिटलं नसतं, म्हणजे हा आकडा मुद्दल असूच शकत नाही.

तारखेचीही एक गंमत लक्षात ठेवायला हवी. मेसेज हप्त्याच्या चार-पाच दिवस आधी येतो, त्यामुळे त्यातली शिल्लक बहुधा मागचा हप्ता वळता झाल्यानंतरची असते, येणाऱ्या हप्त्यानंतरची नव्हे. पासबुक किंवा कर्जखात्याच्या उताऱ्याशी ताळा घालताना एका महिन्याचा फरक दिसला, तर आधी हे बघा.

दोन्ही आकड्यांमधला खरा फरक कळतो तो जास्तीची रक्कम भरल्यावर. समजा, भावाने आज 2 लाख एकदम भरले आणि हप्ता तोच ठेवला. मुद्दल दोनच लाखांनी उतरेल, 24,61,212 होईल. पण हप्ते 180 वरून 155 वर येतील, आणि त्यातला शेवटचा अगदी छोटा असेल. उरलेल्या हप्त्यांची बेरीज जवळपास 7 लाखांनी घटेल: दोन लाख भरलेले आणि सुमारे पाच लाख कधीच न लागणारं व्याज. आजवरच्या व्याजाचा आकडा मात्र जागचा हलणार नाही, कारण जे भरून झालं ते झालं. हप्ता कमी करून मुदत तीच ठेवली, तर बचत होते, पण बरीच कमी. म्हणून पैसे भरताना ‘मुदत कमी करा’ हे लेखी सांगावं. नाहीतर कोणता पर्याय लागला ते पुढच्या हप्त्यावरून कळेल: मुदत तीच ठेवली असेल, तर हप्त्याचा आकडाच बदललेला दिसेल.

व्याजदर बदलता असेल, तर उरलेल्या हप्त्यांची बेरीज हा निव्वळ अंदाज आहे. दर 10 टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर भावाचं मुद्दल आहे तिथेच, 26,61,212 वर राहील. पण हप्ते 180 चे 208 होतील आणि बेरीज 56 लाखांवर जाईल. मेसेजमध्ये एका महिन्यात शिल्लक अचानक लाखांनी वाढलेली दिसली, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं, नवं कर्ज नावावर चढलेलं नसतं.

कर्ज पूर्ण बंद करायला लागणारी रक्कम उरलेल्या मुद्दलाच्या जवळची असते, पण अगदी तीच नसते. शेवटच्या हप्त्यापासून पैसे भरायच्या दिवसापर्यंतचं व्याज त्यात मिळवावं लागतं. भावाच्या बाबतीत ते दिवसाला सुमारे 656 आहे, म्हणजे हप्त्यानंतर बारा दिवसांनी गेला तर 7,874. त्यावर काही थकबाकी किंवा शुल्क असेल तर तेही. म्हणून मेसेजमधल्या आकड्याचा चेक न काढता, कोणत्या तारखेला किती भरायचे याचं बँकेचं लेखी पत्र घ्यायचं. भावाने तसं पत्र मागवलं. त्यावरची रक्कम 26 लाख 69 हजारांच्या आसपास होती.