ड्रिल पलीकडे निघताना स्लाइड का उसळते?

नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यातल्या जॉब शॉपमध्ये हायड्रॉलिक फीडचं ड्रिलिंग एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं मशीन, असलं की ऑपरेटरची एक तक्रार हमखास ऐकू येते: "साहेब, भोक पाडताना नीट चालतंय, पण ड्रिल पलीकडं निघताना दणका देतंय." मग कोणीतरी निडल व्हॉल्व्ह अर्धा आटा आवळतो. दणका थोडा कमी होतो आणि सायकल टाइम वाढतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दोष आवळण्यात नाही. निडल व्हॉल्व्ह म्हणजे तेलाच्या वाटेतलं एक चिंचोळं भोक. त्यातून किती तेल जाईल हे भोकाच्या आकारासोबतच त्याच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावरही ठरतं. ढोबळमानाने प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. व्हॉल्व्हच्या अलीकडचा दाब, पंपाचा दाब ठरावीक मर्यादेवर ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हने धरून ठेवलेला असतो. पलीकडचा दाब मात्र लोडवर ठरतो, त्यामुळे लोड हलला की फरक हलतो आणि त्यासोबत वेगही.

एक हिशेब करून पाहू. सिलिंडरचा बोअर 50 मिमी, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 19.6 चौरस सेंमी. 20 मिमीचं ड्रिल 400 आरपीएमवर फिरतंय आणि फीड मिनिटाला 100 मिमी हवी, म्हणजे फेऱ्यामागे 0.25 मिमी. त्यासाठी मिनिटाला जेमतेम 196 सीसी तेल पुरतं. रिलीफ 50 बारला लावलाय आणि कटिंग चालू असताना सिलिंडरला 34 बार लागतात. निडलवर उरतात 16 बार, आणि 16 चं वर्गमूळ 4. आता ड्रिल पलीकडे निघालं, लोड जवळजवळ संपला, सिलिंडरमध्ये घर्षणापुरता 1 बार राहिला. निडलवर 49 बार, वर्गमूळ 7. सुईला कोणी हात लावलेला नसताना फीड 100 वरून 175 मिमीकडे धावते. फेऱ्यामागे 0.25 ऐवजी 0.44 मिमी! आणि हे घडतं नेमकं ड्रिलचं टोक सुटून फक्त कडा कापत असताना. कडा तुटतात त्या इथेच. उलट कठीण ठिपका लागून दाब 41 बारवर गेला, तर निडलवर 9 बारच उरतात आणि फीड 75 वर येते.

यावर उपाय म्हणजे प्रेशर कॉम्पेन्सेटेड फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह. त्यात तशाच भोकाच्या आधी एक सरकता स्पूल असतो. भोकाच्या अलीकडचा दाब स्पूलला बंद करायला बघतो. पलीकडचा दाब आणि एक हलकी स्प्रिंग मिळून त्याला उघडायला बघतात. या ओढाताणीत स्पूल अशा जागी थांबतो की भोकावरचा फरक कायम स्प्रिंगच्या ताकदीइतकाच, समजा 6 बार, राहतो. कटिंगमध्ये मोकळ्या 16 बारपैकी 10 स्पूल खातो. लोड गेला की तोच स्पूल आणखी बंद होऊन 43 खातो. भोकाला दोन्ही वेळी 6 च दिसतात, म्हणून प्रवाहही तोच. ऑपरेटरला प्रत्येक क्षणी सुई फिरवावी लागली असती, ते काम हा स्पूल करतो.

पण हे काम त्याला पुरेसा मोकळा दाबफरक दिला तरच जमतं. लोडचा दाब 46 बारवर गेला, तर 4 च बार उरतात. स्पूल पूर्ण उघडून बसतो आणि हा महागडा व्हॉल्व्ह साध्या निडलसारखा वागू लागतो. म्हणून कॅटलॉगमध्ये किमान दाबफरक किती लागतो ते आधी बघावं आणि रिलीफ त्या हिशेबाने लावावा.

आणखी एक चूक सर्रास होते. व्हॉल्व्ह सिलिंडरकडे जाणाऱ्या लाइनवर बसवतात. ड्रिल निघताना त्याची मळसूत्री धार जॉबमध्ये अडकून स्लाइडला स्वतःहून पुढे ओढते. आत येणारं तेल कितीही मोजून दिलं तरी या ओढीला ते अडवू शकत नाही. ड्रिलिंगसाठी व्हॉल्व्ह परतीच्या लाइनवरच हवा, म्हणजे रॉडकडच्या बाजूला अडलेलं तेल पिस्टनला पुढून अडवून धरतं. तिथे दाब पंपाच्या दाबापेक्षाही वर जाऊ शकतो, तेव्हा होज आणि सील त्या बेताचे घ्यावेत.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पहिले काही जॉब हळू आणि दुपारी जलद, असं होत असेल तर मात्र तो लोडचा प्रश्न नाही. 46 ग्रेडचं तेल 60 अंशांना, 40 अंशांच्या मानाने निम्म्याहूनही पातळ होतं. दाबाची भरपाई करणारा स्पूल तापमानाची भरपाई करत नाही. धारदार कडेच्या भोकाचा व्हॉल्व्ह घेतला तर हा फरक बराच कमी होतो. निडलच्या लांब, निमुळत्या फटीत तो जास्त जाणवतो.

स्पूल जिवंत आहे का हे कळायला स्टॉपवॉच पुरतं. फीडमध्ये तेवढाच स्ट्रोक एकदा रिकामा आणि एकदा कटिंग करताना मोजावा. रिकामा स्ट्रोक बराच लवकर संपला, तर आधी मोकळा दाबफरक पुरेसा उरतो का ते गेजवर पाहावं. तो असूनही फरक पडत असेल तर स्पूल बहुधा कचऱ्याने अडकलाय, आणि व्हॉल्व्ह खोलण्यासोबत फिल्टरही बघायला हवा. लोड न बदलणाऱ्या क्लॅम्पिंगला किंवा गेजच्या लाइनला मात्र निडलच लावावा, तिथे जास्तीचे पैसे फुकट जातात.