डांबराच्या डागावर आधी तेल का?

पँटच्या तळाशी अंगठ्याच्या नखाएवढा डांबराचा ठिपका होता. मी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये चिंब बुडवून त्यावर फिरवला. ठिपका विरघळला खरा, पण पाच मिनिटांत त्याच्याभोवती तळहाताएवढं तपकिरी वर्तुळ उमटलं. डाग निघाला नव्हता, पसरला होता.

असं का झालं हे कळायला डांबर म्हणजे काय ते पाहावं लागतं. मराठीत आपण डांबर एकच म्हणतो, पण वस्तू दोन आहेत. कोळशापासून मिळतं ते कोल टार; डांबरगोळ्यांना ते नाव त्याच्यामुळे मिळालं. हल्ली रस्त्यावर सहसा असतं ते बिट्युमेन, म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर तळाशी उरलेला गाळ. त्यात अॅस्फाल्टीन नावाचे मोठे, काळे रेणू एका दाट, तेलकट द्रवात तरंगत असतात. काळेपणा आणि घट्टपणा बराचसा अॅस्फाल्टीनचा, चिकटपणा त्या द्रवाचा.

टर्पेंटाइन पाण्यासारखं पातळ. ते बिट्युमेन पटकन विरघळवतं आणि धाग्यांमधल्या बारीक फटींतून तितक्याच पटकन बाहेरच्या बाजूला धावतं. कडेला पोहोचलं की उडून जातं, सोबत आणलेला रंग तिथेच टाकून. चहाचा थेंब वाळल्यावर कडा गडद दिसते, तोच प्रकार. हेक्सेनसारखं अगदी हलकं द्रावक वापरलं तर आणखी एक घोटाळा होतो: अॅस्फाल्टीन त्यात विरघळतच नाहीत. तेलकट भाग निघून जातो आणि काळी पूड धाग्यात रुतून बसते.

खाद्यतेल या दोन्ही बाबतींत बरं. ते उडून जात नाही आणि दाट असल्यामुळे दूरवर धावतही नाही. डागावर बसून ते सावकाश बिट्युमेनमध्ये शिरतं आणि त्यातल्या तेलकट द्रवात मिसळतं. घट्ट गोळा मधासारखा सैल होतो. तेलाने डाग नाहीसा होत नाही, धाग्यावरची त्याची पकड सुटते.

दुसरी पँट मी अशी साफ केली. आधी प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून डागावर दहा मिनिटं ठेवला. गार झालेलं बिट्युमेन ठिसूळ होतं, त्यामुळे चमच्याच्या कडेने बराचसा थर टवके उडून निघाला. त्यात दगडाची भुकटीही असते, म्हणून खसाखसा घासायचं नाही. ती पॉलिश पेपरसारखं कापड खाते. मग डागावर तेलाचे चार-पाच थेंब टाकले, खाली जुनं फडकं ठेवलं आणि अर्धा तास हात लावला नाही. नंतर कापसाने कडेकडून मध्याकडे टिपत गेलो. बोळा काळा झाला की नवा घ्यायचा. तोच वापरला तर काढलेला रंग परत कापडात जातो. तिसऱ्या खेपेला बोळा फिकट तपकिरी निघाला. तेलाचं काम संपल्याची ती खूण.

टर्पेंटाइनची पाळी आत्ता येते, तीही थेंबभर. कापड उलटं करून, खाली कोरडा कापूस ठेवून मागून टिपलं, म्हणजे उरलेलं तेल आणि रंग पुढच्या कापसात उतरतो. टर्पेंटाइन उडून गेल्यावर कोरड्याच कापडावर भांडी घासायचं लिक्विड चोळलं. पाणी आधी लावलं तर साबण पातळ होतो आणि तेलापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुतलं. ओल्या कापडावर तेलाचा डाग नीट कळत नाही, म्हणून वाळवून उजेडात पाहिलं आणि मगच इस्त्री केली. उरलेला रंग उष्णतेने आणखी आत मुरतो.

सँडलला हाच क्रम लागू पडतो, फक्त टर्पेंटाइन जवळजवळ वगळायचं. तळवा आणि पट्टे ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो त्याने सुटतो आणि फोमचा तळवा फुगतो. तेल, मग साबण, एवढ्यावर भागवावं. सुएड चामड्यावर मात्र तेलही नको. तेलाचाच कायमचा डाग पडेल.

गाडीच्या रबरी मॅटवर तेल दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण काही रबरं तेल पिऊन मऊ पडतात. मॅट गाडीतून बाहेर काढूनच साफ करावी. ड्रायव्हरच्या बाजूची असेल तर दोनदा साबणाने धुवून, वाळल्यावर चपलेचा तळवा तिच्यावर घासून पाहावा. बूट सरकला तर तेल अजून आहे, आणि पेडलखाली ते नको. केसाळ मॅटवर तेल ओतण्याऐवजी कापसाने लावावं, नाहीतर ते केसांच्या बुडाशी जाऊन बसतं आणि पुढचे कित्येक आठवडे धूळ गोळा करतं.

पेट्रोल मात्र यात कुठेच नको. थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेट घेते.