झेडझेडचा कंद मे महिन्यात का सडतो?

भुसावळमधल्या एका फ्लॅटच्या बैठकीत, सोफ्यामागच्या कोपऱ्यात झेडझेड या शोभेच्या झाडाची कुंडी होती. मे महिना, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, म्हणून घरातल्या काकू तिला रोज एक तांब्या पाणी घालत. महिनाअखेरीस चार दांडे एकदम पिवळे पडले. झाड तहानलंय असं वाटून पाणी दोन तांब्यांवर गेलं आणि आठवडाभरात एक दांडा हात लावताच बुडातून निघून आला. कुंडी उलटी केली, तर खालचे कंद तपकिरी, लिबलिबीत, आंबूस वासाचे.

काकूंना फसवलं ते मातीच्या वरच्या थराने. कुंडी शेतातल्या काळ्या मातीने भरलेली होती. ही माती बारीक चिकणमातीची. ओली झाली की फुगते, सुकली की आकसून तडकते. उन्हाळ्यात तिचा वरचा बोटभर थर एका दिवसात वाळतो, त्याला भेगाही पडतात, पण चार-पाच इंच खाली, नेमके कंद असतात तिथे, ती चिंब असते. भेग दिसली की आपण पाणी घालतो, आणि भेगेतून ते थेट तळाशी जातं. त्यात कुंडी शोभेच्या चिनी मातीच्या, बिनभोकाच्या भांड्यात ठेवलेली. जास्तीचं पाणी जाणार कुठे?

केळीवाल्या शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा, दोन्ही हवं. मुळं आणि कंद श्वसन करतात, त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. हा वायू पाण्यातून पसरतो तो हवेपेक्षा सुमारे 10 हजार पटींनी हळू. पोकळ्या पाण्याने भरल्या की होता तेवढा ऑक्सिजन मुळं आणि मातीतले जीवाणू संपवतात, नवा पोचत नाही. मग पेशी ऑक्सिजनशिवाय कसंबसं काम चालवतात; त्यात ऊर्जा फार थोडी मिळते आणि अल्कोहोल तयार होतं. पेशींची आवरणं झिरपू लागतात. अशा दुबळ्या कंदात पिथियमसारखे बुरशीवजा जीव आणि मऊ कूज आणणारे जीवाणू शिरतात. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन जीवाणू विरघळवतात, म्हणून कंदाचा लगदा होतो.

दांडा अख्खा पिवळा का पडतो, याचं उत्तर झाडाच्या रचनेत आहे. ज्याला आपण फांदी म्हणतो ते खरं तर एकच संयुक्त पान असतं. जाड दांडा हा त्याचा देठ आणि मधला कणा, हिरव्या पाकळ्या या त्याच्या पर्णिका. मुळं मेली की पानाचा पुरवठा तुटतो, हरितद्रव्य मोडतं आणि पान बुडापासून शेंड्यापर्यंत जातं. वर्षाकाठी एखादा जुना दांडा पिवळा पडणं मात्र नैसर्गिक आहे, त्याने घाबरू नये.

हे झाड पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतलं, अळू-सुरणाच्या कुळातलं. तिथे पाऊस ठरावीक महिन्यांत पडतो आणि मधला कोरडा काळ ते साठ्यावर काढतं. त्याच्या पानांत सुमारे 91 टक्के आणि देठांत 95 टक्के पाणी असल्याचं एका अभ्यासात नोंदवलं आहे. कोरड पडली की ते काही प्रमाणात रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवतं, त्यामुळे दिवसा पाणी कमी उडतं. कूलरच्या दमट हवेत, अंधाऱ्या कोपऱ्यात तर त्याचा खर्च आणखी कमी. बाहेरच्या उन्हाशी त्याच्या तहानेचा संबंध थोडाच.

खरी तहान वेगळी दिसते. दांड्यावर सुरकुत्या पडतात, पर्णिका गळतात, कंद आकसतो, पण टणक राहतो. बूड मऊ लागलं तर पाण्याची चूक, असं समजायला हरकत नाही. तपासायला बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवावी. बाहेर काढल्यावर ओली किंवा माती चिकटलेली असेल तर पाणी घालू नये. त्याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणं.

काकूंच्या कुंडीतले दोन कंद बटाट्यासारखे घट्ट होते. ते वाचले. लिबलिबीत भाग स्वच्छ चाकूने पांढरट गर लागेपर्यंत कापला (रस खाजरा असतो, हातमोजे घालावेत) आणि कंद दोन दिवस सावलीत सुकवले. नवी भरण एक भाग पोयटा, एक भाग कोकोपीट, दोन भाग धुतलेली जाड वाळू आणि विटांचा चुरा अशी केली, कुंडी भोकाची आणि मातीची घेतली. पहिला आठवडा पाणी दिलंच नाही. कंद पूर्ण गेला असता, तरी हिरव्या पर्णिका ओलसर वाळूत खोचून ठेवता आल्या असत्या. त्यांच्या बुडाशी नवा इवलासा कंद धरतो, फक्त त्याला काही महिने जातात आणि कोंब वर यायला कधी कधी वर्षही.