प्रायोजित पोस्टवरील 'जाहिरात' ही खूण: नियम कुठून आले आणि जबाबदारी कोणाकडे गेली

एखाद्या छोट्या व्यावसायिकाने आपले उत्पादन कोणाला फुकट दिले आणि त्या व्यक्तीने त्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले, तर त्या मजकुरावर तो प्रायोजित असल्याचे स्पष्ट लिहिण्याचे बंधन आज अनेक देशांत आहे. हे बंधन समाजमाध्यमांबरोबर जन्माला आले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्याचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे आणि तो ठाऊक नसला की आजचे नियम मनमानी वाटू लागतात. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला, कारण पैसे घेऊन छापलेल्या मजकुराचा प्रश्न तिथे फार लवकर कायद्यापर्यंत पोहोचला आणि त्यातून निघालेली तत्त्वे पुढे इतर देशांच्या नियमांतही दिसू लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली वृत्तपत्रे जाहिरातदारांना दोन प्रकारची जागा विकत असत. एक उघड जाहिरातीची. दुसरी बातमीच्याच टायपात, बातमीच्याच मांडणीत छापल्या जाणाऱ्या मजकुराची, जिला 'रीडिंग नोटिस' म्हणत. या दुसऱ्या जागेचा दर अधिक असे, कारण वाचक तो मजकूर संपादकाचा समजून वाचत असे. म्हणजे वाचकाच्या गैरसमजालाच बाजारभाव होता. 1912 मध्ये अमेरिकी संसदेने यावर कायदा केला आणि तो टपाल सवलतीशी जोडला. ज्या नियतकालिकाला टपालाचा स्वस्त 'सेकंड क्लास' दर हवा असेल, त्याने मोबदला घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असे स्पष्ट लिहावे, न लिहिल्यास 50 ते 500 डॉलर दंड भरावा. वृत्तपत्रांनी या कायद्याला आव्हान दिले, पण 1913 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. या कायद्याने जबाबदार धरले ते संपादकाला आणि प्रकाशकाला. पैसे देणारा व्यावसायिक पूर्णपणे बाहेरच राहिला.

रेडिओच्या बाबतीत 1927 च्या कायद्याने हेच बंधन प्रसारण केंद्रावर घातले आणि 1934 च्या कायद्यात ते कायम राहिले. त्यातली फट 1959 मध्ये उघडी पडली. ध्वनिमुद्रिका कंपन्या केंद्राला वगळून थेट निवेदकांना पैसे आणि भेटवस्तू देत होत्या, निवेदक ती गाणी स्वतःच्या आवडीची म्हणून वाजवत होते आणि अनेकदा केंद्रचालकांना त्याचा पत्ताही नसे. ज्याला व्यवहार ठाऊकच नाही, तो श्रोत्यांना काय सांगणार? म्हणून 1960 च्या दुरुस्तीने साखळीतल्या प्रत्येकाला बांधले. घेणाऱ्याने केंद्राला कळवायचे, देणाऱ्यानेही कळवायचे आणि मग केंद्राने ते श्रोत्यांना सांगायचे. कळवले नाही तर 10,000 डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. आजच्या प्रायोजित पोस्टच्या नियमांचा खरा पूर्वज माझ्या मते हाच कायदा आहे, कारण मोबदला देणाऱ्याचेही काही कर्तव्य असते हे त्याने स्पष्टपणे नोंदवले आणि मोबदला म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे, तर मोल असलेली कोणतीही वस्तू, हेही मान्य केले.

जाहिरातीतला दावा खरा असावा, हा नियम दुसऱ्या वाटेने आला. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाची स्थापना 1914 च्या कायद्याने झाली, पण त्या कायद्यात अधिकार होता तो अनुचित स्पर्धा रोखण्याचा. 'मार्मोला' नावाच्या, वजन कमी करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या प्रकरणात 1931 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला, कारण प्रतिस्पर्ध्यांचे नुकसान झाल्याचे आयोगाने सिद्ध केले नव्हते. ग्राहक फसला, एवढे पुरेसे नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी 1938 मध्ये कायदा बदलला आणि ग्राहकाची दिशाभूल करणारे वर्तन हेच स्वतंत्रपणे बेकायदा ठरले.

छोट्या व्यवसायाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा टप्पा 1972 चा. फायझर कंपनीच्या 'अन-बर्न' या उन्हाने भाजलेल्या त्वचेवरील मलमाच्या प्रकरणात आयोगापुढे प्रश्न असा होता की, दावा खोटा असल्याचे सिद्ध न करताही जाहिरातदाराला दोष देता येईल का. आयोगाने ती तक्रार अखेर फेटाळली, परंतु निकालात मांडलेले तत्त्व टिकले: दावा करण्याच्या वेळी तुमच्या हाती त्यासाठी वाजवी आधार असला पाहिजे. यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पुरावा आधी आणि जाहिरात नंतर. तक्रार आल्यावर चाचणी करून घेतली आणि दावा सुदैवाने खरा निघाला, तरी जाहिरात दिली तेव्हा तो आधार नव्हता, हा दोष उरतोच.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते आयोगाच्या शिफारस-जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत. त्यांचा काही भाग 1975 मध्ये आणि उरलेला 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सार असे: शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यात वाचकाला सहसा अपेक्षित नसलेले आणि शिफारशीचे वजन बदलू शकेल असे नाते असेल, तर ते सांगितले पाहिजे, आणि जो दावा विक्रेता स्वतः आधाराशिवाय करू शकत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेता येत नाही. मात्र त्या वेळी एक पळवाट होती. कोणा एका ग्राहकाला मिळालेला विलक्षण परिणाम दाखवून खाली 'असा परिणाम सर्वांना मिळेलच असे नाही' एवढे बारीक अक्षरात लिहिले की भागत असे. 2009 च्या सुधारणेने ही सवलत काढून घेतली. अपवादात्मक अनुभव दाखवायचा असेल तर सर्वसाधारणपणे काय परिणाम मिळतो, तेही सांगावे लागू लागले. त्याच सुधारणेत फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकाचे उदाहरण आले आणि रोख रक्कम घेतली नाही म्हणून नाते लपवता येत नाही, हे स्पष्ट झाले.

यानंतर वाद उरला तो खूण नेमकी कुठे आणि कोणत्या शब्दांत असावी याचा. 'लॉर्ड अँड टेलर' या वस्त्रविक्रेत्या कंपनीचे प्रकरण या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखे आहे. 2015 च्या मार्चमध्ये या कंपनीने पन्नास फॅशन प्रभावकांना, म्हणजे इन्फ्लुएन्सर्सना, एकच ड्रेस भेट दिला, शिवाय प्रत्येकाला 1,000 ते 4,000 डॉलर दिले आणि एका ठरावीक सप्ताहअखेरीस इन्स्टाग्रामवर तो घातलेले छायाचित्र टाकायला सांगितले. करारात कंपनीच्या खात्याचा उल्लेख आणि #DesignLab हा हॅशटॅग सक्तीचा होता. प्रत्येक पोस्ट कंपनीने आधी तपासली होती. पण पैसे मिळाल्याचे लिहावे, असे करारात कुठेही नव्हते आणि तपासणीतही कोणी ते घातले नाही. ड्रेस संपला, मोहीम यशस्वी ठरली आणि 2016 मध्ये आयोगाने कारवाई केली ती कंपनीवर. 1912 मध्ये चित्राबाहेर असलेला जाहिरातदार आता केंद्रस्थानी आला होता.

पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, आयोगाने प्रभावकांना आणि विक्रेत्यांना नव्वदहून अधिक पत्रे पाठवली. मोबाइलवर इन्स्टाग्राम पाहताना त्या काळी लांब मजकुराच्या पहिल्या तीनच ओळी दिसत आणि उरलेले वाचायला more वर बोट ठेवावे लागे, म्हणून नात्याचा खुलासा त्या ओळींच्या आतच हवा, असे त्यांत सांगितले होते. हॅशटॅगच्या लांबलचक रांगेत दडवलेली खूण वाचकाच्या नजरेतून सुटते. #sp किंवा #partner यांसारखी संक्षिप्त चिन्हे आणि नुसते कंपनीचे आभार मानणेही पुरेसे स्पष्ट मानले गेले नाही. 2023 च्या सुधारणेने यापुढे जाऊन म्हटले की ऑनलाइन खुलासा वाचकाला टाळता येणार नाही असा असावा, आणि समाजमाध्यमाने दिलेली, पोस्ट प्रायोजित असल्याची तयार पट्टी वापरली म्हणजे जबाबदारी संपली असे समजू नये.

आता हे सगळे एका काल्पनिक छोट्या व्यवसायावर लावून पाहू. केसांचे तेल बनवणारी एक व्यक्ती दहा जणांना प्रत्येकी एक बाटली फुकट देते. त्यांपैकी एकीने लिहिले: 'पंधरा दिवसांत माझे केस गळणे थांबले, नक्की वापरून पाहा', आणि अगदी शेवटी, अनेक हॅशटॅगमध्ये, आभार मानले. तिने एकही शब्द खोटा लिहिलेला नाही, तरी या पोस्टमध्ये दोन स्वतंत्र दोष आहेत. पहिला खुलाशाचा: 'हे तेल मला कंपनीने फुकट दिले आहे' हे वाक्य सुरुवातीलाच हवे होते. दुसरा दोष खुलासा करूनही दूर होत नाही. तेलाने केस गळणे थांबते हा शरीरावरील परिणामाचा दावा आहे आणि त्याला योग्य चाचणीचा आधार लागतो. वापरणारीचा प्रामाणिक अनुभव हा तो आधार नव्हे, कारण त्याच पंधरा दिवसांत तिचा आहार किंवा औषधे बदललेली असू शकतात. विक्रेत्याने ती पोस्ट स्वतःच्या पानावर पुन्हा टाकली की तो दावा सरळ विक्रेत्याचाच होतो. सुगंध आवडला, तेल चिकट वाटले नाही, असे लिहिले असते तर दुसरा प्रश्न उद्भवलाच नसता. म्हणून बाटलीसोबत दोन ओळींची लेखी सूचना द्यावी, एक ओळ खुलाशाबद्दल आणि दुसरी कोणता दावा करू नये याबद्दल. पोस्ट आल्यावर ती मोबाइलवर उघडून पाहावी. चूक दिसल्यास दुरुस्तीची विनंती लेखी करून ती जपून ठेवावी. व्यवसाय लहान आहे म्हणून या कर्तव्यातून सूट मिळत नाही. फार तर देखरेखीचे प्रमाण व्यवसायाच्या आवाक्यानुसार वाजवी धरले जाते.

भारतात हा प्रवास अलीकडचा आणि वेगवान आहे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या स्वनियामक संस्थेने 2021 मध्ये प्रभावकांसाठी नियम केले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे 2022 मध्ये आली, आणि जानेवारी 2023 मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी सरकारने स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. खुलासा शिफारशीच्याच भाषेत असावा आणि व्हिडिओत तो दिसावा तसा ऐकूही यावा, असे ती सांगते. यातला भाषेचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. मराठीत बोललेल्या जाहिरातीखाली एखादा इंग्रजी हॅशटॅग टाकून मराठी प्रेक्षकाला माहिती दिल्याचे समाधान मानता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रायोजित पोस्टशेजारचेच क्षेत्र ग्राहकांच्या अभिप्रायांचे आहे आणि ताजे नियम तिथे घडले आहेत. अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार, अभिप्राय चांगलाच असावा अशी उघड किंवा सूचक अट घालून सवलत वा भेट देता येत नाही, आणि मालकाने किंवा व्यवस्थापकाने आपले नाते लपवून स्वतःच्याच मालाचा अभिप्राय लिहिणेही चालत नाही. बरे असो वा वाईट, खरे मत लिहिणाऱ्या प्रत्येकाला सारखीच सवलत देण्यास त्या नियमाची मनाई नाही. मात्र असा अभिप्राय विक्रेत्याने पुढे जाहिरातीत वापरला, तर तो सवलतीच्या बदल्यात मिळाला होता हे त्याच्याशेजारीच लिहावे लागते.